पथारीवरची गोष्ट संपादकापर्यंत कशी पोहोचते

(निवेदन)

[दृश्य: वरून दिसणारं लाल रान. मिरची पसरणारे हात.]

नंदुरबार शहराबाहेरची ही मिरचीची पथारी. शेतकरी ओली लाल मिरची बाजारात विकतो आणि व्यापारी ती इथं मोकळ्या जागेत पसरून उन्हात वाळवतात. वाळताना तिचं वजन घटतं. मग देठ खुडायचे, पांढरी पडलेली मिरची बाजूला काढायची आणि बाकीची पोत्यात भरायची. खाली बसून करायची ही कामं बहुतेक बायकाच करतात. त्यांच्या नाकातोंडावर बांधलेलं फडकं बघा.

[दृश्य: ढग. मिरचीवर ओढली जाणारी ताडपत्री.]

थंडीत अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, तिला बुरशी लागते, रंग जातो आणि भाव पडतो. या लाल रंगाचे फोटो दरवर्षी छापून येतात आणि बातमी तिथंच संपते. त्या फोटोपलीकडचं लिहायला पथारीवर रोज जाऊ शकणारा माणूस लागतो, आणि तो जिल्ह्यातच राहतो. आमची ही मैत्रीण शहाद्याची. कुठल्याही दैनिकाच्या पगारावर नसलेली मुक्त पत्रकार. संपादकांकडे विषय मांडायचे, होकार आला की लिहायचं, हेच तिचं काम. विषय मांडणाऱ्या त्या मेलला पिच म्हणतात.

[दृश्य: वही. लॅपटॉपचा पडदा.]

संपादकांकडे येणारी बरीचशी पत्रं एका वळणाची असतात. ‘नंदुरबारच्या मिरची उद्योगावर सविस्तर लेख लिहू इच्छिते, कृपया कळवावे.’ याला हो म्हणणं संपादकाला अवघड जातं. उद्योगातलं नेमकं काय? कुणाचं? आत्ताच का? मिरची उद्योग हा विषय झाला, गोष्ट नव्हे. त्यात एखादा प्रश्न अडकला आणि त्याचं उत्तर कुणाच्या तरी रोजच्या जगण्यात सापडलं, की त्याची गोष्ट होते.

तिला तो प्रश्न पथारीवर मिळाला. देठ खुडता खुडता एक बाई अहिराणीत म्हणाली, ‘पानी पडना का रोजी बुडनी.’ शेतातलं पीक भिजलं तर पंचनामा होतो. पथारीवरचा माल भिजला तर तोटा व्यापाऱ्याच्या वहीत लिहिला जातो. मजुराचा बुडालेला दिवस कुठल्या कागदावर येतो?

[दृश्य: पडद्यावर शोधाची चौकट.]

लिहायच्या आधी ती एक गोष्ट तपासते. ज्या संकेतस्थळाला पाठवायचं, तिथं हे आधी आलंय का? गूगलच्या चौकटीत ती `site:` लिहिते, त्याला चिकटून त्या संकेतस्थळाचा पत्ता आणि पुढे ‘नंदुरबार मिरची’. भावावरच्या बातम्या निघाल्या तर हरकत नाही, मजुरांवरचा लेख निघाला तर नवा कोन शोधावा लागतो. मग त्या विभागाचा संपादक कोण, हेही बघते. संकेतस्थळाच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेलेली पिच वाचली जाईलच असं नसतं.

[दृश्य: मेल लिहिताना. कॅमेरा विषयाच्या ओळीवर थांबतो.]

विषयाच्या ओळीत ती लिहिते: ‘पिच: अवकाळी पावसात पथारी बंद, मजुरी कोण देणार? (नंदुरबार)’. मेल न उघडताही संपादकाला कळतं की ही पिच आहे, प्रश्न हा आहे आणि जागा ही आहे.

पहिला परिच्छेद तीन वाक्यांचा. त्यात पथारी आहे, ताडपत्री ओढायला धावणाऱ्या बायका आहेत आणि काम थांबल्यावर रिकाम्या हातांनी घरी निघालेल्या त्याच बायका आहेत. वर्णन इथंच थांबतं. मिरचीचा इतिहास नाही, सातपुड्याचं सौंदर्य नाही. हा मोह आवरणं कठीण असतं, कारण आपल्या भागाबद्दल लिहिताना सगळंच सांगावंसं वाटतं.

दुसऱ्या परिच्छेदावर तिनं सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. लेखाचा कणा इथं आहे. तिनं लिहिलंय: ‘पंचनामा शेतातल्या पिकाचा होतो, पथारीवरच्या मजुरीचा नाही. पावसानं पथारी बंद पडली की हे मजूर उधारी, उचल की स्थलांतर यांपैकी कशावर दिवस काढतात, हे मी या लेखात शोधणार आहे.’ आणि त्याला जोडून ‘आत्ताच का’ याचं उत्तर: पथारी सुरू आहे, हंगाम सरला की ही माणसं इथं भेटणार नाहीत. उत्तर आधीच ठाऊक असल्याचा आव तिनं आणलेला नाही. ‘शोधणार आहे’ असंच लिहिलंय, कारण निष्कर्ष आधी विकला की पुढे माहिती त्याच्यामागे ओढत न्यावी लागते.

तिसऱ्या परिच्छेदात हातात काय आहे आणि काय नाही, याची स्पष्ट कबुली आहे. पथारीवरच्या बायकांशी बोलणं झालंय. एक व्यापारी बोलायला तयार आहे. कामगार खात्याची बाजू अजून घ्यायची आहे. मजुरी दिवसावर की वजनावर, हे दोन वेगवेगळ्या पथाऱ्यांवर तपासायचं आहे. संपादक हा परिच्छेद बारकाईनं वाचतात. ही व्यक्ती त्या जागेपर्यंत पोहोचू शकते का, ते इथं कळतं. जिल्ह्यातल्या पत्रकाराचं खरं भांडवल हेच आहे, आणि नेमकं तेच अनेकजण लिहायला विसरतात.

[दृश्य: छायाचित्रं निवडताना.]

शेवटी थोड्या ओळी व्यवहाराच्या. बाराशे शब्द, स्वतः काढलेली छायाचित्रं, होकारानंतर दहा दिवसांत मजकूर. स्वतःबद्दल दोन वाक्यं आणि छापून आलेल्या दोन लेखांचे दुवे. जड फाइल जोडलेली नाही, नमुन्याला एक छोटं छायाचित्र आहे. सगळं मिळून तीनशे शब्दांच्या आत, मोबाइलवर फार न सरकवता वाचता येईल इतकं.

हीच गोष्ट दिवाळी अंकाला द्यायची असती तर गणित वेगळं झालं असतं. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा पथारी रिकामी असते. मग आदल्या थंडीत फोटो आणि मुलाखती गोळा करून ठेवाव्या लागतात, आणि ‘आत्ताच का’चं उत्तरही बदलावं लागतं.

[दृश्य: पाठवा हे बटण.]

पिच एका वेळी एकाच संपादकाकडे. मेलच्या शेवटी तिनं तारीखही घातलीय: ‘हंगामाचा विषय असल्यानं पुढच्या शुक्रवारपर्यंत आपल्या उत्तराची वाट पाहीन.’ तोवर दुसरीकडे पाठवायचं नाही. उत्तर आलं नाही तर दोन ओळींची आठवण, आणि मग निरोप देऊन पुढच्या संपादकाकडे.

[दृश्य: फोनवर बोलताना, बसस्थानकात.]

संपादकाचा फोन आला. व्यापाऱ्यांची बाजू वाढवा, म्हणाले. तिनं मान्य केलं आणि फोन ठेवल्यावर सगळं मेलवर लिहून घेतलं: शब्दसंख्या, मुदत, मानधन किती, ते मजकूर दिल्यावर की छापल्यावर, छायाचित्रांचे पैसे वेगळे का, आणि लेख मागवून छापला नाही तर काय. हा शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. तो विचारायलाच हवा, कारण शहादा ते नंदुरबार फेऱ्यांचा खर्च तिच्याच खिशातून गेलेला असतो.

लेख ठरला. मानधन छापून आल्यावर, प्रवासखर्च नाही.