थेंब तरंगला

नमस्कार श्रोतेहो. रक्तदान करून आल्यावर फोटो टाकावासा वाटतो. खुशाल टाकावा. अडचण फोटोची नसते, फोटोखालच्या दोन ओळींची असते. ‘खारीचा वाटा’, ‘श्रेष्ठदान’, ‘तीन जीव वाचवल्याचं समाधान’ हे शब्द आपण लिहीत नाही, ते आपोआप उमटतात. मीही लिहिलेत, म्हणून माझीच गोष्ट सांगते.

मे महिना होता. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, माणसं गावी गेलेली, त्यामुळे रक्ताचा तुटवडा. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर ठेवलं होतं. बाहेर भलामोठा फलक, त्यावर सात हसरे पुढारी. फलकावर रक्तदात्यांपेक्षा पुढारी जास्त का असतात, हे मला आजवर कळलेलं नाही. असो. मी जिना उतरता उतरताच मोबाइलवर ओळ लिहून ठेवली: ‘आज पुन्हा एकदा रक्तदान. माझा खारीचा वाटा.’ म्हणजे बघा, सुई टोचायच्या आधीच कौतुकाची तयारी!

फॉर्म भरला, वजन झालं, रक्तदाब झाला. मग टेबलावरच्या मुलीने बोटाला टोचलं. तिच्यासमोर काचेच्या छोट्या भांड्यात निळंशार पाणी. द्राक्षबागायतदार श्रोत्यांनी रंगावरूनच ओळखलं असतं: मोरचूद. ठरावीक घनतेचं मोरचुदाचं द्रावण. त्यात रक्ताचा थेंब सोडायचा. सरळ तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर. वरच रेंगाळला, तर कमी. माझा थेंब पडला, जरा खाली गेला आणि थांबला. मग सावकाश वर आला. मी वाकून बघतेय, ती मुलगीही बघतेय. तिने आणखी एक थेंब सोडला. तोही तरंगला.

“ताई, आज नाही घेता येणार,” ती म्हणाली. मागे रांगेत शेजारचे काका. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, जणू दहावीचा निकाल लागलाय. भाच्याने मात्र तेवढ्यात फोटो काढून ठेवला होता: निळं पाणी, त्यात लालसर ठिपका आणि कापूस धरलेलं माझं बोट.

रात्री ती आधीची ओळ पुसली आणि लिहिलं: ‘आज रक्त द्यायला गेले होते, घेतलं नाही. थेंब तरंगला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. उद्या डॉक्टरांकडे जातेय. तुम्ही कधी शिबिराला गेलात, तर खाऊन गेलेलं बरं.’

एरवी अंगठे आणि हात जोडलेली चित्रं यायची. या वेळी प्रश्न आले. मामेबहिणीने विचारलं, थेंब तरंगतो म्हणजे काय? एका मैत्रिणीला दोनदा असंच परत पाठवलं होतं, तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघींनी त्याच आठवड्यात तपासणी करून घेतली. एकीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. नऊ!

तेव्हापासून माझी कसोटी साधी आहे. ओळ वाचून लोक ‘वा, ग्रेट’ म्हणतात, की ‘कुठे, कधी, कसं’ विचारतात? पुन्हा सांगते: ‘वा’ म्हणतात, की ‘कसं’ विचारतात? ‘कसं’ यायला हवं. त्यासाठी घडलं तेच लिहायचं. सुईपेक्षा बोटाची टोच जास्त झोंबली, साडेतीनशे मिलिलिटर पिशवी भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत, उठताना जरा गरगरलं म्हणून पुन्हा आडवं झोपवून ठेवलं. हे लिहिलं की पहिल्यांदा जाणाऱ्याची भीती जरा कमी होते.

आणि ते ‘तीन जीव वाचवले’ मात्र नको. पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळ्या होतात, त्या तीन वेगवेगळ्या रुग्णांना जाऊ शकतात, हे खरं. पण तुम्ही फोटो टाकता तेव्हा ती पिशवी अजून तपासणीसाठी थांबलेली असते. कावीळ, एचआयव्ही, गुप्तरोग, मलेरिया, सगळं तपासल्याशिवाय ती कुणालाही दिली जात नाही. आणि दिली, तरी कुणाला दिली ते आपल्याला कळत नाही. मग वाचवल्याचं कसं लिहिणार?

फोटोत पिशवीवरचा क्रमांक, भरलेला फॉर्म किंवा शेजारच्या खाटेवरचा माणूस दिसत असेल, तर कापून टाका. त्या माणसाने घरी सांगितलेलं नसतं कधी कधी. शिबिरातली बिस्किटं आली तर चालतील, तीही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत म्हणा.

तर माझं पुढे काय झालं? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावर लगेच चहा बंद केला. चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पावसाळा सरता सरता पुन्हा गेले. तेच निळं पाणी, तीच टोच. रात्री फोटो टाकला, खाली दोनच शब्द लिहिले: ‘थेंब बुडाला.’ मामेबहिणीचं लगेच उत्तर आलं, “आता चहा प्यायला ये.”