‘लवकरात लवकर’ म्हणजे नेमकं कधी?

नमस्कार, श्रोतेहो.

गेली काही वर्षं मी पुण्यातल्या छोट्या कारखान्यांचा जर्मन गिऱ्हाइकांशी होणारा पत्रव्यवहार बघते. ऑगस्ट 2025 मध्ये भोसरीचे एक कारखानदार माझ्याकडे एका ईमेलचा मसुदा घेऊन आले. त्यांच्याकडून दक्षिण जर्मनीतली एक कंपनी शाफ्ट घेते. 1200 नगांची ऑर्डर होती आणि माल वर्षाच्या 37व्या आठवड्यात तिथे पोचायला हवा होता. पण शाफ्ट भट्टीत तापवून कडक करून देणाऱ्याची, म्हणजे हीट ट्रीटमेंटवाल्याची, भट्टी बंद पडली आणि 500 नग या हार्डनिंगविना अडकले.

मसुदा इंग्रजीत होता. त्याचं मराठी साधारण असं होईल: ‘आदरणीय महोदय, आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे. काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला थोडा उशीर होत आहे. आम्ही आमच्याकडून पूर्ण प्रयत्न करत असून माल लवकरात लवकर पाठवू. कृपया सहकार्य करावे.’ विषयाच्या ओळीत फक्त ‘ऑर्डरबाबत’ एवढंच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे या पत्रात कुणाला काही खटकणार नाही. आता हेच पत्र तिकडच्या खरेदी विभागातल्या बाईंच्या जागी बसून वाचा. हो, तिथे बाई होत्या, आणि पत्राची सुरुवात ‘महोदय’! त्यांच्यापुढे तीस-चाळीस ऑर्डरी आहेत. कुठल्या ऑर्डरला उशीर, किती नगांना, किती दिवसांचा, कशामुळे, यातलं काहीच त्यांना कळत नाही. त्यांना त्यांच्या असेंब्लीचं वेळापत्रक हलवायचं की नाही, एवढंच ठरवायचं आहे. ते या पत्रावरून ठरवता येत नाही.

‘अपरिहार्य कारणं’ हे शब्द आपण अब्रू झाकायला वापरतो. तिकडे शंका येते ती नेमकी त्याच शब्दांनी: कारण सांगत नाहीत, म्हणजे यांना कारण माहीत नाही, किंवा लपवायचं आहे.

आणि ‘प्रयत्न करतो’? त्याची तर गंमतच आहे. जर्मनीत नोकरी सोडताना कंपनी लेखी प्रशस्तिपत्र देते. ते वाईट शब्दांत लिहायचं नसतं, म्हणून त्याची एक सांकेतिक भाषाच तयार झाली आहे. ‘त्यांनी प्रयत्न केला’ असं त्यात आलं, की वाचणारा समजतो, या माणसाला काम जमलं नाही. आपण ज्या वाक्याने धीर देऊ बघतो, ते तिकडच्या कानाला असं ऐकू येतं.

मी मालकांना विचारलं, ‘साहेब, 500 नगांचं नक्की काय झालंय?’ मग एकेक गोष्ट बाहेर आली. 700 नगांचं हार्डनिंग आधीच झालेलं होतं, ते वेळेत जाणार होते. भट्टीचं हीटिंग एलिमेंट जळालं होतं, नवं 28 ऑगस्टला येणार होतं. 27 तारखेला गणपती बसणार, त्या दिवशी कारखाना बंद. म्हणजे सगळी माहिती त्यांच्या डोक्यात होती, पत्रात मात्र नव्हती.

आम्ही पत्र नव्याने लिहिलं. विषयाच्या ओळीत ऑर्डरचा नंबर, पार्टचा नंबर आणि पुढे ‘500 नगांना उशीर, 37 ऐवजी 39वा आठवडा’. वाईट बातमी विषयातच. बाईंना मेल न उघडताही ती कळावी.

सुरुवात ‘फ्राउ’, म्हणजे श्रीमती, आणि त्यांचं आडनाव. पहिलं नाव नाही. त्या आपणहून पहिल्या नावाने लिहू लागल्या, तरच आपणही तसं लिहावं. सरळ बोलणं आणि सलगी या तिकडे वेगळ्या गोष्टी आहेत. ‘500 नग वेळेत मिळणार नाहीत’ हे खुशाल लिहावं, पण आडनावाचं स्पेलिंग चुकू नये.

मग मजकूर:

‘ऑर्डरमधल्या 1200 पैकी 700 नग ठरल्याप्रमाणे 10 सप्टेंबरला तुमच्याकडे पोचतील. उरलेले 500 नग 24 सप्टेंबरला पोचतील, म्हणजे दोन आठवडे उशिरा. कारण: हार्डनिंगच्या भट्टीचं हीटिंग एलिमेंट जळालं आहे. नवं एलिमेंट 28 ऑगस्टला अपेक्षित आहे. हार्डनिंग 4 सप्टेंबरपर्यंत आणि ग्राइंडिंग व तपासणी 15 सप्टेंबरपर्यंत होईल. 17 सप्टेंबरला माल विमानाने पुण्याहून निघेल. 700 नगांची तारीख पक्की आहे. 500 नगांची तारीख एलिमेंट वेळेवर येण्यावर अवलंबून आहे. ते आलं की नाही, हे 28 ऑगस्टला संध्याकाळी कळवू. दोन खेपांमुळे वाढणारा वाहतूक खर्च आमचा. माल दोन खेपांत हवा की सगळा एकदम 24 तारखेला, हे कृपया शुक्रवार 22 ऑगस्टपर्यंत कळवा. उशिराबद्दल दिलगीर आहोत.’

दिलगिरी एकदाच.

यातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे पक्की तारीख आणि अंदाजाची तारीख वेगळी सांगणं. जर्मन व्यवहारात यासाठी दोन शब्द आहेत: ‘फेरबिंडलिश’ म्हणजे बांधील आणि ‘फोराउसझिश्टलिश’ म्हणजे अंदाजे. अंदाज अंदाज म्हणून सांगितला तर कुणी रागवत नाही. बांधील म्हणून दिलेली तारीख हुकली, की पुढच्या प्रत्येक तारखेवर प्रश्नचिन्ह लागतं. आपण गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून जवळची तारीख देऊन टाकतो आणि तिथेच फसतो.

आठवड्यांबद्दलही सांगायला हवं. तिकडे आठवड्याला ‘कालेंडरवोखं’ म्हणतात, लिहिताना के आणि डब्ल्यू एवढीच अक्षरं. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो, तो पहिला आठवडा. 2025 चा 37वा आठवडा 8 ते 14 सप्टेंबर. आपल्या कॉम्प्युटरमधलं कॅलेंडर रविवारपासून मोजत असेल तर गफलत होते, म्हणून आकड्यासोबत तारीख द्यावी.

दशांशचिन्हाचं त्याहून वाईट. जर्मनीत स्वल्पविराम दशांशासाठी असतो आणि हजारासाठी टिंब. आपण वजन ‘1,250 किलो’ लिहिलं, तर तो सव्वा किलो वाचला जाऊ शकतो. हजाराचं चिन्हच गाळून सरळ 1250 लिहावं. आणि ड्रॉइंगवर 0,015 दिसलं तर ते टिंबवालं आपलं 0.015 समजावं.

हे सगळं जर्मनीबद्दल. जर्मन बोलणारे स्विस लोक नकार जरा मऊ करून देतात, त्यांना एवढा थेट सूर कोरडा वाटू शकतो. ऑस्ट्रियात पदव्यांना मान आहे. सहीत डॉक्टर किंवा मागिस्टर असेल तर नावाआधी तो लिहावा. तारखा आणि आकडे मात्र तिन्ही देशांत तेवढेच काटेकोर लागतात.

पत्र वाचून मालक गप्प झाले. म्हणाले, ‘मॅडम, हे फार उद्धट वाटतंय हो. निदान दोन ओळी खुशाली विचारू या की.’ मी म्हटलं, शेवटी शुभेच्छा घाला, वर नको. त्यांनी नाइलाजाने पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी: ‘माहितीबद्दल धन्यवाद. दोन खेपा चालतील, 700 नगांसोबत हार्डनेसचा रिपोर्ट पाठवा.’

मालकांनी लगेच मला फोन केला. ‘मॅडम, चिडल्यात वाटतं बाई. एवढंसंच लिहिलंय.’