चौकाची पट्टी

(दृश्य: गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचं चित्र. मध्यभागी तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती गुंडाळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. कॅमेरा हळूहळू कडेकडे सरकतो. कडेला काहीच नाही.)

हे वारली चित्र पूर्ण झालेलं आहे. डहाणू तालुक्यातल्या एका काकूंनी ते काढलं, आणि त्यांच्या दृष्टीनं त्यात आता एक ठिपकाही घालायचा उरलेला नाही. मूळ चित्र त्या स्वतःकडेच ठेवणार आहेत. माझ्या ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून त्यांच्या परवानगीनं त्याची एक प्रिंट काढून तिला द्यायची, असं ठरलं. प्रिंट बारा इंच बाय बारा इंच. भेट द्यायची म्हणजे चित्राला किनार हवी, असं मला वाटत होतं.

दुकानात तयार किनारी भरपूर मिळतात. वेलबुट्टी, सोनेरी नक्षी, मोर. त्यातली एक मी या चित्राभोवती लावून पाहिली आणि लगेच काढली. आतली माणसं त्रिकोणांची, बाहेर गोल गोल वळणाऱ्या पानांची वेल, असं दोन वेगवेगळ्या हातांचं काम एका कागदावर दिसायला लागलं.

वारली चित्रात किनार ही बाहेरून आणलेली गोष्ट नाहीच. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं जो लग्नचौक लिहितात, त्याचा मोठा भाग म्हणजे किनारच असते. चौकोनात चौकोन, त्यांच्यामधल्या पट्ट्यांत त्रिकोण, नागमोडी रेषा, ठिपके. या दाट पट्ट्यांच्या आत पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणते तीही या चौकाच्या साक्षीनं. म्हणून काकूंना मी आधी एकच विचारलं, "काकू, चौकातली पट्टी या चित्राभोवती घेतली तर चालेल का?"

त्या म्हणाल्या, "पट्टी घे. देवी नको घेऊस. देवी चौकातच बसते."

तेवढं ठरलं आणि कामाला लागलो.

(दृश्य: टेबलावर मोजपट्टी, चित्राचा स्कॅन पडद्यावर.)

मूळ चित्र साडेतेरा इंचांचं, चौरस. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे पिक्सेल धरून, स्कॅन केलं की ४०५० पिक्सेल होतात. प्रिंट बारा इंचांची, म्हणजे ३६०० पिक्सेल. त्यातली कड किनारीसाठी सोडायची, म्हणून चित्र नऊ इंचांवर आणलं, २७०० पिक्सेल. म्हणजे मूळ आकाराच्या बरोबर दोनतृतीयांश. हा दोनतृतीयांश आकडा पुढे फार उपयोगी पडला, आणि माझी पहिली चूकही त्याच्याच विसरण्यातून झाली.

काकू बांबूची काडी वापरतात, टोक चावून मऊ केलेली. त्या काडीची रेष साधारण एक मिलिमीटरची उमटते. स्कॅनमध्ये ती बारा पिक्सेल जाड दिसते. मी काकूंना सांगितलं, मला पाऊण इंच रुंदीची पट्टी काढून द्या. त्यांनी त्याच काडीनं, त्याच रंगानं काढून दिली. मी ती स्कॅन करून चित्राच्या कडेला ठेवली आणि पट्टी एकदम ओरडायला लागली. रंग तोच, हात तोच, काडी तीच. मग काय बिघडलं?

(दृश्य: मोठं करून दाखवलेल्या दोन रेषा शेजारी शेजारी.)

चित्र लहान केल्यावर त्यातली रेष बारा पिक्सेलवरून आठवर आली होती. पट्टी मात्र आहे त्याच मापात काढलेली, तिची रेष बाराची बाराच. किनार आतल्या माणसांपेक्षा दीडपट जाड. डोळा आकडे मोजत नाही, पण हा फरक त्याला लगेच खटकतो. सॉफ्टवेअरमध्ये रेष बारीक करायचा प्रयत्न केला तर काडीचा खरखरीतपणा निघून गेला आणि प्लॅस्टिकची पट्टी असावी तशी ती दिसायला लागली.

उपाय साधा होता. पट्टी मूळ चित्राच्या मापात काढायची, म्हणजे दीडपट मोठी, आणि मग चित्राइतकीच लहान करायची. पाऊण इंचाऐवजी सव्वा इंचाला थोडी कमी, एक इंच आणि वर एक अष्टमांश. काकूंनी पट्टी पुन्हा काढली. दोनतृतीयांश केली आणि दोन्ही रेषा आठवर आल्या. या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं माप कोणतं असं कुणी विचारलं तर मी किनारीची रुंदी सांगणार नाही, रेषेची जाडी सांगीन.

आता मोजणी. नऊ इंचांचं चित्र. त्याच्या चारही बाजूंना पाव इंच मोकळा गेरू, मग पाऊण इंचाची पट्टी, मग अर्धा इंच पुन्हा मोकळा. सगळं मिळून बारा. बाहेरचा अर्धा इंच मुद्दाम ठेवला, कारण फ्रेमची कड आत पाच-सहा मिलिमीटर झाकते. पट्टी अगदी कडेला नेली असती तर तिची बाहेरची रेष फ्रेमखाली गेली असती.

चित्र चौरस आहे म्हणून हा हिशेब सरळ जमला. आडवं चित्र असेल तर सावध राहा. दहा बाय पंधराच्या चित्राला चारही बाजूंनी एक एक इंच किनार दिली की ते बारा बाय सतरा होतं. ते बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये बसवायला दुकानदार ओढून ताणून मोठं करतो, आणि आतली माणसं आडवी पसरट होतात.

(दृश्य: काकूंचे हात. कागदावर आधी चार कोपरे काढतात, मग मधली जागा.)

काकूंनी कोपरे आधी काढले. मी पडद्यावर उलट सुरुवात केली होती. एका टोकाकडून त्रिकोण मांडत गेलो आणि दुसऱ्या कोपऱ्यावर पोचल्यावर शेवटचा त्रिकोण अर्धवट कापला गेला. नकली किनार यावरूनच ओळखू येते. कोपऱ्यात तुकडा पडलेला असतो.

मग त्यांच्याच पद्धतीनं केलं. पट्टीची बाहेरची बाजू अकरा इंच. दोन्हीकडचे पाऊण-पाऊण इंचाचे कोपरे वगळले की मध्ये साडेनऊ इंच उरतात. एक त्रिकोण अर्ध्या इंचाचा धरला की बरोबर एकोणीस बसतात. संख्या विषम आहे, म्हणून बाजूच्या बरोबर मध्यावर एक पूर्ण त्रिकोण येतो आणि तो तारपावाल्याच्या रेषेत बसतो. आधी मी शून्य पूर्णांक सहा इंचाचा त्रिकोण धरला होता, तेव्हा पंधरा बसून अर्धा इंच उरत होता. अशा वेळी किनार ताणायची नाही. त्रिकोणाचं माप बदलायचं.

कोपऱ्यात काय असावं, हे काकूंनी ठरवलं. एक चौकोन, त्याला दोन कर्ण. झाले चार त्रिकोण, टोकं मध्यावर मिळालेली. वरचा आणि खालचा त्यांनी भरला. मी बघत राहिलो, कारण ते वारली माणसाचं धड होतं. नाचणाऱ्या प्रत्येकाची छाती आणि कंबर अशीच दोन त्रिकोणांची, टोकाला टोक लावलेली. चित्रातलाच आकार कोपऱ्यात येऊन बसला होता.

बाजूंसाठी त्यांनी पाच त्रिकोण काढले. चार बाजूंना मिळून शहात्तर लागतात. एकच त्रिकोण शहात्तर वेळा चिकटवला असता तर छापील साडीचा काठ झाला असता. पाचांपैकी एकाचं टोक किंचित डावीकडे, एकाच्या पायाची रेष जरा तुटलेली. एकोणिसाला पाचानं पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे हे पाच क्रमानं मांडत फिरलो की प्रत्येक बाजूला तो क्रम वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो आणि डोळ्याला पुनरावृत्ती सापडत नाही. सगळ्या त्रिकोणांचा पाया बाहेर, टोक आत.

(एक सूचना इथेच. वारलीत सावली नाही, म्हणून पट्टी फिरवून चारही बाजूंना लावता आली. जलरंगातल्या, सावली असलेल्या किनारीला असं फिरवलं तर प्रकाश चार दिशांनी आल्यासारखा दिसतो.)

(दृश्य: पडद्यावर पूर्ण चित्र, मग तेच धूसर झालेलं.)

सगळं जोडून झालं तरी किनार अजून थोडी पुढे येत होती. हे तपासायला मी चित्राची एक प्रत घेतली आणि GIMP या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Filters > Blur > Gaussian Blur` वापरून साठ पिक्सेलनं धूसर केली. माणसं, झाडं, त्रिकोण सगळं विरघळलं. उरली फक्त उजळ आणि गडद जागा. चारही बाजूंना पांढुरका पट्टा, आणि मधलं नृत्य त्याच्यापेक्षा मंद. म्हणजे किनारीत पांढरं जास्त झालं होतं.

काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सगळे भरलेस कशाला? एक भर, एक रिकामा ठेव." पाचांपैकी दोन त्रिकोण भरीव ठेवले आणि तीन नुसत्या बारीक आडव्या रेघांचे केले. पुन्हा धूसर करून पाहिलं. आता सगळ्यात उजळ जागा तारप्याभोवती होती.

गेरूचा प्रश्न वेगळा. स्कॅनमधला गेरू सपाट रंग नसतो, त्यात ब्रशचे फटकारे असतात. मी कडेला एकच रंग भरला होता, तर चित्राची हद्द पुसट चौकोनासारखी दिसत राहिली. काकूंनी त्याच दिवशी, त्याच डब्यातला गेरू एका कोऱ्या कागदावर फासून दिला. तो स्कॅन करून खाली अंथरला आणि जोड त्या पाव इंचाच्या पट्ट्यात मऊ केला. हद्द गेली.

(दृश्य: प्रिंटर. कागदाची तीन इंची चाचणी-पट्टी बाहेर येते.)

नेहमीच्या प्रिंटरकडे पांढरी शाई नसते. प्रिंटमधली पांढरी रेष म्हणजे न छापलेला कागद. भोवतालचा गेरू छापताना शाई थोडी पसरते आणि ती रेष दोन्ही बाजूंनी खाते. म्हणून आधी फक्त एक कोपरा छापला. मोठ्या रेषा नीट आल्या, पण नव्यानं काढलेल्या आडव्या रेघांमधल्या तीन पिक्सेलच्या, म्हणजे पाव मिलिमीटरच्या रेघा बुजल्या होत्या. त्या पाच पिक्सेलवर नेल्या. गेरूही पडद्यापेक्षा गडद आला, तो थोडा उजळ केला. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदावर मातीचा रंग दिव्याखाली चमकतो आणि भिंतीचा भास जातो.

कापण्यासाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर गेरू जास्तीचा ठेवला होता. पूर्ण प्रिंट निघाली, कापली, फ्रेमवाल्यानं काच बसवली. नावं आणि तारीख मी पट्टीत कुठेच घातली नाहीत. ती मागच्या पुठ्ठ्यावर पेननं लिहिली, आणि त्यांच्या खाली काकूंनी स्वतःच्या हातानं आपलं नाव आणि गाव लिहिलं.

(दृश्य: ताईच्या घराची भिंत. फ्रेम लावली जाते. कॅमेरा डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या त्या दोन भरलेल्या त्रिकोणांवर थांबतो, मग तिथून आत, नाचणाऱ्यांच्या शेवटच्या माणसाच्या धडावर.)