तो नऊ कुठून आला?

(एका ग्रामीण मराठी शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

व्यासपीठावरील मान्यवर, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, समोर बसलेले आई-वडील, आजी-आजोबा, माझे सगळे सहकारी शिक्षक आणि मेकअप करून पडद्यामागे ताटकळलेल्या मुलांनो,

दरवर्षी या जागेवरून निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्तीधारकांची नावं आणि क्रीडास्पर्धांतली पदकं सांगितली जातात. ती यंदा फलकावर लावली आहेत, बाहेर पडताना जरूर वाचा. मला आज एका वजाबाकीबद्दल बोलायचं आहे. या वर्षी आमच्या शिक्षकांनी जे काम केलं, ते कुठल्याच फलकावर मावत नाही आणि त्या वजाबाकीतून ते तुम्हाला नीट दिसेल.

जुलैमधली गोष्ट. पाचवीच्या सरांनी चाचणी घेतली. त्यात ४०२ वजा १७६ असं एक उदाहरण होतं. उत्तर २२६. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं ते चुकलं. एरवी आपण काय करतो? लाल पेनाने फुली मारतो, गुण मांडतो, वही परत देतो. सरांनी त्या दिवशी वह्या परत दिल्या नाहीत. शाळा सुटल्यावर ते चौथीच्या बाईंना घेऊन बसले आणि दोघांनी चुकलेली उत्तरं एका कागदावर उतरवून काढली. मीही त्यांच्यात जाऊन बसले.

उत्तरं अंदाजाने ठोकलेली नव्हती. त्यांचे सरळ दोन गट पडत होते. काहींनी लिहिलं होतं ३७४ आणि काहींनी २३६.

३७४ कसं येतं बघा. दोनातून सहा जात नाहीत, म्हणून मूल सहातून दोन वजा करतं, चार. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य, सात. चारातून एक, तीन. ३७४. या मुलाला वजाबाकी म्हणजे ‘मोठ्यातून लहान काढणं’ एवढंच कळलं आहे. अंक वर आहे की खाली, याला त्याच्या लेखी अर्थच नाही.

२३६ लिहिणारं मूल याच्या बरंच पुढे आलेलं आहे. त्याला उसना घ्यायचा हे माहीत आहे. ते चारातून एक घेतं, तिथे तीन उरतात. एककाच्या दोनाचे बारा करतं, बारातून सहा गेले, सहा. मधल्या शून्याचे दहा करतं, दहातून सात गेले, तीन. तीनातून एक, दोन. २३६. चूक फक्त एकाच जागी आहे, मधल्या शून्याचे दहा नाही तर नऊ व्हायला हवे होते.

या दोन्ही मुलांना शून्य गुण मिळाले होते. पण दोघांचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. पहिल्याला पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांपाशी न्यायला हवं, दशक म्हणजे काय तिथपासून. दुसऱ्याला फक्त एक गोष्ट दाखवायला हवी, तो नऊ कुठून आला. दोघांना एकाच फळ्यावरून तेच उदाहरण पुन्हा सोडवून दाखवलं, तर पहिल्याला काही कळत नाही आणि दुसरा कंटाळतो.

बाईंनी नऊ दाखवला तो खेळातल्या नोटांनी. मूल दुकानदार झालं. गल्ल्यात शंभराच्या चार नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी, दहाची नोट एकही नाही. गिऱ्हाइकाला १७६ रुपये द्यायचे आहेत. सहा रुपये सुटे कुठून आणणार? शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा नोटा आल्या. पण सुटे अजून आलेच नाहीत! मग दहाची एक नोट मोडली, दहा नाणी आली. आता मोजा, शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, नाणी बारा. दहावी नोट मोडायला गेली म्हणून नऊ उरल्या. २३६ लिहिणाऱ्या मुलाच्या हिशोबात दहाची नोट मोडली तर गेली, पण गल्ल्यातही तशीच राहिली. त्याच्याकडे दहा रुपये आकाशातून आले. ताळा करून बघितला तर तेच सापडतं: २३६ अधिक १७६ म्हणजे ४१२, मुळातल्या ४०२ पेक्षा बरोबर दहा जास्त.

हे एका दुपारी झालं नाही. बाईंनी रोज परिपाठानंतर पंधरा-वीस मिनिटं हेच केलं, तेही पाच-सहा मुलांच्या लहान गटात. आधी नोटा हातात, मग नोटांची चित्रं वहीवर, मग नुसते अंक. घाई करून मधला टप्पा गाळला, तर मुलं पुन्हा जुन्या चुकीवर गेली, हेही आम्ही पाहिलं. एकीकडे खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार यादीचं काम हे सगळं चालूच होतं. त्यातून ही वीस मिनिटं त्यांनी कुणाला हात लावू दिली नाहीत. माझ्या दृष्टीने यंदाचं सगळ्यात मोठं काम हे आहे.

दुसरीच्या बाईंबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्यांनी मुलांना अंकांचं श्रुतलेखन घातलं, तेव्हा त्रेसष्ट म्हटल्यावर काहींनी ३६ लिहिलं आणि एकोणसत्तर म्हटल्यावर काहींनी ७९. आपल्या भाषेची गंमत अशी की आपण ‘त्रे-सष्ट’ म्हणतो, म्हणजे तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. एकोणसत्तरमध्ये तर सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे असतात एकोणसत्तर, म्हणजे सत्तराला एक कमी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, तो तुम्हाला आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांना मुलांची नेमकी हीच अडचण सोडवायची होती. मला स्वतःला एकवीस, बावीस सोडावेत असं वाटत नाही. बाजारात, घरात, एसटीत मुलांना तेच शब्द ऐकू येणार. पण सुरुवातीला दोन्ही जोडीने वापरले तर मुलाचा हात अडखळत नाही, हे आमच्या दुसरीच्या वर्गात मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाई ‘त्रेसष्ट’ म्हणतात, मुलं ‘साठ आणि तीन’ म्हणतात आणि मग लिहितात.

आता येत्या जूनचं सांगते. खूप उद्दिष्टं ठेवली की एकही धड होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तीनच ठरवली आहेत.

शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत दुसरी ते सहावीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून दोन अंकी संख्यांचं श्रुतलेखन आणि चार वजाबाक्या देणार. त्याचे गुण मांडायचे नाहीत. फक्त चुकीचा प्रकार चुकांच्या वहीत नोंदवायचा. ही वही वर्गाबरोबर वर जाईल, म्हणजे पुढच्या शिक्षकाला पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.

दुसरं, पाचवीपर्यंत आलेल्या प्रत्येक मुलाला मधे शून्य असलेली वजाबाकी दिवाळीच्या सुट्टीआधी यायला हवी. ‘आली’ हे कसं ठरवायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. शिकवलं त्याच दिवशी उत्तर बरोबर येणं पुरेसं नाही. तीन आठवड्यांनी, न सांगता, तसंच उदाहरण द्यायचं आणि विचारायचं, हा नऊ कुठून आला? मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर आली.

तिसरं शाब्दिक उदाहरणांचं आहे आणि ते मला सगळ्यात अवघड वाटतं. ‘सीमाकडे १५ बोरं आहेत. ती रवीच्या बोरांपेक्षा ६ ने जास्त आहेत. रवीकडे किती?’ निम्मा वर्ग २१ सांगतो, कारण ‘जास्त’ शब्द दिसला की बेरीज, असं आम्हीच कधीतरी शिकवलेलं असतं. ही चूक गणिताची नाही, वाचण्याची आहे. म्हणून हे काम मराठीचे आणि गणिताचे शिक्षक एकत्र करणार. आधी चित्र काढायचं, कुणाकडे जास्त ते बोट ठेवून सांगायचं, आणि मगच आकडेमोड. वर्षभरात हे सगळ्यांना जमेल असं मी आज सांगत नाही. सातवीपर्यंतच्या वर्गांत सुरुवात मात्र नक्की होईल.

पालकांकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी काहींचे वडील, आजोबा वजाबाकी वेगळ्या रीतीने करतात. ५२ वजा २७ असेल तर वरच्या दोनाला दहा देतात, बारातून सात, पाच. मग खालच्या दोनात एक मिळवतात, तीन. पाचातून तीन, दोन. उत्तर २५, अगदी बरोबर. दोन्ही संख्यांत दहा-दहा वाढवले की फरक बदलत नाही, म्हणून ती रीत चालते. पण शाळेत वरचा दशक सुटा करायला शिकवलेलं असताना घरी खाली एक मिळवायला सांगितलं, तर मूल दोन्ही करतं आणि उत्तर १५ येतं. तेव्हा घरी रीत शिकवू नका. उत्तराचा ताळा मात्र जरूर करून घ्या. किराणा आणायला पाठवा आणि परत आलेले पैसे त्याला मोजू द्या.

दिवाळीआधीची मुदत का, ते राहिलं. आज या मांडवात पाचवीची काही मुलं नाहीत. त्यांचे आई-वडील कोयता घेऊन कारखान्याच्या उसावर गेले आहेत आणि मुलंही त्यांच्याबरोबर फडात आहेत. मागे राहायला ज्यांना आजी होती, ती राहिली. बाकीच्यांसाठी आपल्याकडे जून ते ऑक्टोबर एवढेच महिने असतात. जे शिकवायचं ते त्याच महिन्यांत पक्कं झालं पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये ती परत येतात तेव्हा आपण पुन्हा गठ्ठ्यांपासून सुरुवात करतो. यंदा निघताना सरांनी प्रत्येकाच्या दप्तरात खेळातल्या नोटांचं एक पाकीट आणि वीस उदाहरणांची वही ठेवली. एका मुलाच्या वडिलांनी परवा फोन करून सरांना सांगितलं की पोरगा रात्री खोपीत धाकट्या बहिणीला नोटा मोडून दाखवतो.

चुकांच्या वहीत त्या मुलांची पानं आम्ही कोरी ठेवली आहेत. ती आली की पहिल्याच दिवशी त्यांना विचारायचं आहे, ५०० वजा २३८. शून्य एक नाही, दोन आहेत. सरांना खात्री आहे की निदान एकाला तरी ते येईल.