दंड ड्रायव्हरचा की वेळापत्रकाचा?

वाहतूक दंडाची नोटीस बहुधा गाडीच्या मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या नावानं येते. कॅमेऱ्यानं टिपलेली असेल तर ती हातात पडेपर्यंत कधी कधी आठवडे उलटतात. त्या दिवशी गाडी कोणाकडे होती, हे तोवर कोणालाच आठवत नाही. म्हणून कंपनीच्या गाड्यांच्या धोरणातलं सगळ्यात महत्त्वाचं पान मला किल्लीच्या नोंदवहीचं वाटतं. किल्ली कोणी घेतली, किती वाजता, मीटरवर किती किलोमीटर होते आणि परत दिली तेव्हा किती. एवढ्या नोंदीवरून खाजगी वापरही कळतो आणि इंधनाचा हिशोबही जुळतो.

आता एक उदाहरण घेऊ. साठच्या मर्यादेच्या रस्त्यावर गाडी अठ्ठ्याहत्तरनं धावली, अशी नोटीस आली. वहीत ड्रायव्हरचं नाव सापडलं. बहुतेक कंपन्या इथंच थांबतात आणि रक्कम पगारातून कापतात. मी म्हणतो, त्या दिवसाचं वेळापत्रक काढा. समजा, अंतर 84 किलोमीटर, सगळा रस्ता साठच्या मर्यादेचा. मध्ये दोन ठिकाणी माल उतरवायचा, प्रत्येकी वीस मिनिटं. वेळ दिलेली दोन तास. माल उतरवण्याची चाळीस मिनिटं गेली, की चालवायला उरतात ऐंशी. ऐंशी मिनिटांत 84 किलोमीटर म्हणजे ताशी 63ची सरासरी, तीही कुठं सिग्नल लागला नाही तर! मर्यादा पाळून हा माणूस वेळेत पोचूच शकत नव्हता.

कायद्यापुढं ड्रायव्हर सुटत नाही, स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. त्याच्या परवान्यावर नोंद झाली तर ती कंपनीला आपल्या अंगावर घेता येत नाही. पण पैसे कोणी भरायचे हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते ते इथं कंपनीनं भरावेत आणि वेळापत्रक त्याच आठवड्यात बदलावं. मुदत संपलेली कागदपत्रं, बंद पडलेला दिवा, जास्त भरलेला माल, यांचा दंडही कंपनीचाच. दिवा बंद असल्याचं ड्रायव्हरनं सकाळी वहीत लिहिलं असेल आणि तरी गाडी बाहेर काढायला लावली असेल, तर त्यावर वाद कसला? फोनवर बोलणं, सिग्नल तोडणं, सुट्टीच्या दिवशी न विचारता नेलेली गाडी, हे मात्र त्याचं स्वतःचं. तरीही पगारातून कापण्याआधी तुमच्या इथला कामगार कायदा पाहा. अनेक देशांत अशा कपातीवर बंधनं आहेत, आणि काही ठिकाणी कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते.

सरसकट कापाकापीचा खरा तोटा अपघाताच्या वेळी दिसतो. पैसे जातील या भीतीनं ड्रायव्हर गाडी मागं घेताना लागलेला धक्का सांगत नाही. समोरच्याचा दावा महिन्याभरानं येतो. तोवर जागेचे फोटो नाहीत, साक्षीदार नाही, विमा कंपनीला कळवायची मुदतही टळलेली असते. म्हणून धोरणात मी हे वाक्य घालायला सांगतो: त्याच दिवशी कळवलेल्या किरकोळ धक्क्याबद्दल पगारातून काहीही कापलं जाणार नाही.