हप्ता चुकला, दंड किती?

नमस्कार श्रोतेहो. कर्जाचा हप्ता चुकला की बँक दंड लावते, हे आपण जाणतोच. पण तो दंड खात्यात कसा पडतो, ते आज एका हिशोबातून पाहू.

समजा, तुमचं कर्ज 10 लाख रुपये बाकी आहे. व्याज वर्षाला 10.8 टक्के, म्हणजे महिन्याला 0.9 टक्का. हप्ता 12 हजारांचा: त्यात 9 हजार व्याज आणि 3 हजार मुद्दल. या 5 तारखेचा हप्ता राहिला आणि तो तुम्ही पुढच्या 5 तारखेला भरायला गेलात. तोवर 9 हजार व्याज खात्यात नावे पडून बाकी 10 लाख 9 हजार झालेली असते. तिच्यावर महिन्याचं व्याज 9,081 रुपये. हप्ता वेळेवर भरला असता, तर ते 8,973 झालं असतं. हे वरचे 108 रुपये दंड नव्हेत, नेहमीचंच व्याज आहे. ते बँक घेऊ शकते.

दंड याहून वेगळा. करारात थकलेल्या रकमेवर वर्षाला 12 टक्के लिहिलं असेल, तर 30 दिवसांचे 118 रुपये होतात. पूर्वी हे दंडव्याज होतं. ते व्याजदरातच चढवलं जाई, मूळ बाकीत मिसळे आणि मग त्या दंडावरही पुढे व्याज चाले. थकबाकी लांबली की माणसाला कळतच नसे, आपण कशाचे पैसे फेडतोय.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने हे बंद केलं. नवीन कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला, जुन्या कर्जांना जास्तीत जास्त 30 जून 2024 पर्यंत. आता दंड हे शुल्क आहे. ते फक्त थकलेल्या रकमेवर लागतं, त्याच्यावर व्याज नाही आणि दंडावर पुन्हा दंडही नाही. क्रेडिट कार्ड मात्र या नियमातून वगळलं आहे. पतसंस्थाही रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाहीत, तेव्हा तिथे तुमचा करारनामाच वाचायला हवा.

आता खातेउतारा हातात घ्या. 118 रुपयांची नोंद वेगळ्या ओळीत, कारणासह दिसायला हवी. मग व्याजाची ओळ पाहा. ती 9,081 असेल तर ठीक. पुढच्या महिन्याचं व्याज हिशोबापेक्षा रुपयाभर जास्त दिसलं, तर 118 रुपये बाकीत मिसळून त्यावर व्याज लावलं आहे. रुपया लहान वाटेल, पण वर्षभर हप्ते थकले, तर दर महिन्याचा दंड असाच साठत जातो.

आणखी एक घोळ मला फार खटकतो. तुम्ही पूर्ण 12 हजार भरता, बँक त्यातून आधी 118 दंडाचे वळते करते, आणि हप्ता तेवढाच अपुरा राहून पुन्हा थकबाकी दिसते. मग त्यावर नवा दंड. असं दिसलं, तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. सोबत उतारा जोडा आणि दंडाच्या आणि व्याजाच्या ओळींखाली रेघ मारा.