म्हण कोणाच्या तोंडची?

श्रोतेहो, नमस्कार. माझी मुलगी लग्नानंतर कैरोमध्ये राहते. त्यामुळे दर शुक्रवारी आमच्या व्याह्यांना फोन करून दोन वाक्ये अरबीत बोलायची, असा मी नेम ठेवला आहे. अशा छोट्या अभिवादनात कोणती म्हण शोभते आणि कोणती खटकते, हे मला एका चुकीतून कळले. तो प्रसंग आज मी आपल्याला सांगणार आहे.

आमचे व्याही पंच्याहत्तरीचे आहेत. फोनवर समोरासमोर बोलण्याची सोय त्यांनी नातवाकडून शिकून घेतली आणि एका शुक्रवारी कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःच मला फोन लावला. पडद्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांचे कौतुक करावे म्हणून मी वहीत लिहून ठेवलेली एक इजिप्शियन म्हण उच्चारली : ‘बअद मा शाब, वद्दूह एल-कुत्ताब.’ शब्दशः अर्थ असा, की केस पिकल्यावर त्याला कुत्ताबात, म्हणजे लहान मुले कुराण आणि अक्षरे गिरवतात त्या शाळेत पाठवले. शिकायला वयाची अट नसते, असाच अर्थ मी त्यातून काढला होता. व्याही क्षणभर गप्प राहिले, मग हळूच ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणाले आणि त्यांनी फोन विहीणबाईंच्या हाती दिला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “आई, अगं ही म्हण कौतुकाची नाही. वेळ निघून गेल्यावर शिकायला निघालेल्या माणसाला ती टोचून म्हणतात. आपण आजोबांच्या तोंडावर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणू का?” मला फार वाईट वाटले. मी म्हणीचे शब्द पाहिले होते, पण ती कोण कोणाला म्हणते, हे पाहिले नव्हते. श्रोतेहो, हाच मुद्दा पुन्हा सांगते : म्हणीचा अर्थ कळला तरी ती कोणाच्या तोंडची आहे, हे पाहावेच लागते.

पुढच्या शुक्रवारी मुलीने सुचवलेली म्हण मी सावकाश म्हटली : ‘इल्ली मालूश केबीर, यिश्तिरीलु केबीर.’ ज्याच्या घरात कोणी वडीलधारे नसेल, त्याने विकत घेऊन का होईना एक वडीलधारे माणूस आणावे, असा तिचा भाव आहे. मी पहिला अर्धा भाग म्हणताच व्याह्यांनी उरलेला अर्धा स्वतःच पुरा केला आणि ‘रब्बेना यखल्लीकी’, म्हणजे देव तुम्हाला राखो, असे उत्तर दिले. म्हण बरोबर जागी पडली, याची हीच खूण आहे. ऐकणारा ती पुरी करतो किंवा उलट आशीर्वाद देतो. चुकली तर मात्र विषय बदलतो.

‘तुझ्याहून एक दिवसाने मोठा असलेला तुझ्याहून एका वर्षाने शहाणा असतो’ ही म्हणही तिकडे सर्वांना ठाऊक आहे. पण ती वडीलधाऱ्यांनी लहानांना ऐकवायची आहे, जसे आपल्याकडे ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत’ म्हणतात. लहानाने सल्ला मानताना तिचा आधार घेतला तर ती शोभते, पण नुसत्या अभिवादनात ती उगाच मध्ये येते. अगदी लहान फोनसाठी मला सर्वांत प्रिय आहे ती ‘एल-उलूब अंद बअदहा’, म्हणजे मने एकमेकांपाशीच असतात. ‘आत्ताच तुमची आठवण काढली होती’ असे पलीकडून आले, की हे तीन शब्द पुरतात. माझे स्पष्ट मत आहे, की गुलाबाच्या चित्रावर छापलेला तयार संदेश पाठवण्यापेक्षा हे तीन शब्द अडखळत का होईना, स्वतःच्या आवाजात म्हणावेत.

‘एस-सबाह रबाह’ या म्हणीत सबाह, म्हणजे सकाळ आहे, म्हणून कित्येक नवशिके ती सकाळच्या नमस्कारासारखी वापरतात. ती रात्री म्हणतात, आणि ‘आता राहू दे, सकाळी पाहू’ असा तिचा रोख असतो. ‘ज़ुर घिब्बन तज़्दद हुब्बन’, म्हणजे अधूनमधून भेटा, प्रेम वाढेल, हे वचन ग्रंथातल्या अरबीतले आहे. फोनवर ते जुनाट वाटतेच, शिवाय भेटीची वाट पाहणाऱ्या आजींना ‘कमी भेटू या’ असे ऐकू येते. सणाला किंवा वाढदिवसाला तर म्हण शोधूच नये. ‘कुल्ल सना व हद्रितक तय्यिब’ एवढे पुरते. त्यातले ‘हद्रितक’ म्हणजे आपले आदरार्थी ‘आपण’, आणि स्त्रीला म्हणताना ‘हद्रितिक तय्यिबा’ म्हणावे.

हे सारे कैरोच्या बोलीतले आहे. आपले नातेवाईक दुसऱ्या देशातले असतील, तर त्यांच्या घरातल्या माणसाला आधी विचारावे. सीरिया-लेबनॉनकडे ‘यअतीक एल-आफ्या’, देव तुम्हाला आरोग्य देवो, हे रोजचे गोड अभिवादन आहे. मोरोक्कोत मात्र ‘आफ्या’ म्हणजे आग, आणि तिथल्या आजोबांना तो शाप वाटतो.